चुकीच्या उत्तरांची वयं

१९२० च्या सुमारास पॅरिसमध्ये एका स्विस तरुणाला एक रटाळ काम मिळालं. इंग्लंडात तयार झालेल्या तर्काच्या चाचण्या फ्रेंच मुलांकडून सोडवून घ्यायच्या आणि कोणत्या वयाची किती मुलं कोणता प्रश्न सोडवतात याचे तक्ते भरायचे. या तरुणाचं नाव जाँ पियाजे. त्याची डॉक्टरेट गोगलगायींच्या कुळातल्या प्राण्यांवरची, मुलांशी तोवर काही संबंध नाही. तक्ते भरता भरता त्याचं लक्ष भलतीकडेच गेलं. बरोबर उत्तरं सगळ्यांची सारखी येणार हे उघडच होतं, पण चुकीची उत्तरंही सारखीच येत होती. एका वयाची मुलं एका तऱ्हेनं चुकत, त्याहून मोठी मुलं दुसऱ्या तऱ्हेनं. त्यानं तक्ते बाजूला सारले आणि मुलांना विचारायला सुरुवात केली, ‘तुला असं का वाटतं?’ पुढची साठ वर्षं, १९८० मध्ये जिनिव्हात मृत्यू येईपर्यंत, तो हेच विचारत राहिला.

आपल्याकडे डी.एड., बी.एड. किंवा टीईटी केलेल्या प्रत्येकाला पियाजे भेटलेला असतो, पण गाइडमधल्या चार ओळींच्या तक्त्यात. जन्मापासून दोन वर्षांपर्यंत संवेदन-कारक अवस्था, दोन ते सात पूर्वक्रियात्मक, सात ते अकरा मूर्त क्रियात्मक आणि पुढे औपचारिक क्रियात्मक. तक्ता पाठ होतो, गुण मिळतात आणि पुढे तोच तक्ता वेगळ्या रूपात पालकसभेत येतो: ‘सात पूर्ण झाली ना, मग हे यायलाच हवं.’ गेल्या पन्नास वर्षांतल्या संशोधनानं या तक्त्यातले वयांचे आकडे चांगलेच सैल केले आहेत. आधी काय येतं आणि नंतर काय, हा क्रम मात्र बराचसा टिकून आहे. आणि सर्वांत भक्कम टिकले ते चुकांचे नमुने. आपलं मूल बुद्धीनं कुठवर आलंय हे पालकांना कळायचं असेल, तर त्याची चूक नीट बघणं हा सर्वांत सोपा मार्ग आहे. त्याला फी लागत नाही.

झाकलेला खुळखुळा

पाच-सहा महिन्यांच्या बाळासमोर खुळखुळा ठेवा. ते हात पुढे करेल. आता त्याच्या डोळ्यांदेखत खुळखुळ्यावर रुमाल टाका. हात मागे जातो आणि बाळ दुसरीकडे बघू लागतं. पियाजेनं आपल्या तीन मुलांवर, जॅकलिन, लुसिएन आणि लोराँवर, हे तासन्‌तास करून पाहिलं आणि निष्कर्ष काढला की या वयात नजरेआड झालेली वस्तू बाळाच्या लेखी उरतच नाही. आठव्या महिन्याच्या आसपास बाळ रुमाल ओढून खुळखुळा काढू लागतं. ‘बुवा-कुक’ची खरी मजा त्याला याच सुमारास येते, आणि आई दाराआड गेली की आकांतही याच सुमारास सुरू होतो. आतापर्यंत कुणाच्याही कडेवर जाणारं पोर शेजारच्या काकूंना बघून ओठ काढायला लागलं, म्हणजे ते बिघडलेलं नसतं. दिसत नसलेली आई कुठेतरी आहे, इतकं त्याला कळलं आहे. ती परत कधी येईल हे मात्र कळलेलं नाही. कामावर परत जायची तयारी करणाऱ्या आयांच्या बाबतीत हे नेमकं नको त्या महिन्यात येतं. त्याला इलाज नाही.

याच्या पुढची चूक जास्त मजेची आहे. दोन सारखे रुमाल घ्या. डावीकडच्या रुमालाखाली खुळखुळा लपवा, बाळाला काढू द्या, असं दोनतीनदा करा. मग बाळ पाहत असतानाच तो उजवीकडे लपवा. नऊ-दहा महिन्यांचं बाळ पुन्हा डावीकडेच शोधतं, जिथे तो नाही हे त्यानं आत्ताच पाहिलेलं असतं! अ‍ॅडेल डायमंड या संशोधिकेनं याचं घड्याळ लावून मोजमाप केलं. लपवल्यावर बाळाला किती वेळ थांबवलं की ते चुकतं? साडेसात महिन्यांना दोन सेकंदांच्या आतच चुकतं. त्यानंतर ही सहनशक्ती महिन्याला सरासरी दोन सेकंदांनी वाढते, आणि वर्षाचं बाळ दहा सेकंदांहून जास्त टिकतं. म्हणजे अडचण वस्तू कळण्याची कमी आणि दोन कामं एकदम करण्याची जास्त आहे: नवी जागा मनात धरायची आणि सवयीनं डावीकडे निघालेला हात आवरायचा. हात आवरण्याचं काम कपाळामागचा मेंदू करतो, आणि तो फार सावकाश पिकतो. किती सावकाश, ते पौगंडावस्थेत दिसेल.

पियाजेच्या आकड्यांना पहिला मोठा धक्का इथेच बसला. १९८५ मध्ये रेने बायार्जाँ आणि तिच्या सहकाऱ्यांनी पाच महिन्यांच्या बाळांना हातानं काही शोधायलाच लावलं नाही, फक्त बघू दिलं. समोर एक पडदा मागे झोपत जातो. त्याच्या मागे ठोकळा ठेवलेला आहे, तरी पडदा जणू ठोकळ्यातून आरपार गेल्यासारखा पूर्ण आडवा होतो. बाळं या अशक्य दृश्याकडे जास्त वेळ टक लावून बघत राहिली. झाकलेला ठोकळा तिथे असायला हवा, याची काहीतरी जाण त्यांना होती. या प्रयोगाचा अर्थ नेमका किती लावायचा यावर वाद आजही आहेत, पण एक गोष्ट पक्की झाली. बाळाला कळतं ते आधी डोळ्यांत येतं, हातात उशिरा.

वर्षाच्या आसपास चमचा खाली टाकणं, तो उचलून दिला की पुन्हा टाकणं, आता वेगळ्या उंचीवरून टाकणं असा कार्यक्रम चालतो. याला खोडी म्हणू नये, चौकशी म्हणावं. पाठ मात्र उचलणाऱ्याचीच दुखते. या टप्प्याचा शेवट कसा ओळखायचा याचं उदाहरण पियाजेच्या घरातलंच आहे. जॅकलिन सोळा महिन्यांची असताना एक पाहुणा मुलगा खेळण्याच्या जाळीत उभा राहून पाय आपटत किंचाळला. तिनं असलं काही कधी पाहिलं नव्हतं, ती थक्क होऊन बघत राहिली. दुसऱ्या दिवशी तिनं त्याच जाळीत उभं राहून तसाच पाय आपटला. मुलगा गेला होता, रडं संपलं होतं, पण त्याचं चित्र तिच्या डोक्यात रात्रभर राहिलं होतं. समोर नसलेली गोष्ट मनात धरता आली, की ‘भातुकली’ सुरू होऊ शकते, आणि शब्दही धडाधड येऊ लागतात.

बिस्किटांच्या डब्यातली सुई

तीन ते पाच ही वर्षं मला सर्वांत रंजक वाटतात, म्हणून इथे थोडं रेंगाळतो.

बटर कुकीजचा निळा पत्र्याचा डबा आपल्याकडे बहुतेक घरांत असतो, आणि त्यात बिस्किटं कधीच नसतात. सुई, दोऱ्याची रिळं आणि उरलेली बटणं असतात. हा डबा म्हणजे विकासमानसशास्त्रातल्या एका प्रसिद्ध प्रयोगाचं तयार सामानच आहे. जोसेफ पर्नर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये तो प्रयोग चॉकलेटच्या गोळ्यांच्या नळीत पेन्सिल घालून केला होता. मी आमच्या सोसायटीतल्या मुलांसाठी डबा वापरला.

पहिली आली सव्वातीन वर्षांची मुलगी. ‘यात काय असेल?’ ‘बिस्कीट!’ डबा उघडला, रिळं निघाली, ती हिरमुसली. डबा बंद केला. ‘आता आजी येईल. तिनं हा डबा उघडलेला नाहीये. तिला काय वाटेल, यात काय आहे?’ ‘दोरा.’ ठाम. मग त्याहून नवलाचा प्रश्न: ‘तू आत्ता आलीस, डबा बंद होता, तेव्हा तुला काय वाटलं होतं?’ ‘दोरा.’ मिनिटभरापूर्वी ती स्वतः बिस्कीट म्हणाली होती. ती खोटं बोलत नव्हती आणि विसरभोळीही नव्हती. जग जसं आहे तसंच ते सगळ्यांना ठाऊक असतं, स्वतःलाही ते पहिल्यापासून ठाऊक होतं, असं या वयात वाटतं. तिचा पावणेपाच वर्षांचा भाऊ हसायलाच लागला. ‘आजी फसणार!’ म्हणाला. दुसऱ्याच्या डोक्यात चुकीची गोष्ट असू शकते, हे त्याला कळलं होतं.

जगभरच्या मुलांमध्ये हा बदल साधारण साडेतीन ते पाच या काळात होतो, थोडा पुढेमागे. याला शिकवणी लागत नाही, पण बोलणं लागतं. कँडिडा पीटरसन आणि मायकेल सीगल यांनी १९९५ मध्ये कर्णबधिर मुलांवर केलेलं काम या बाबतीत डोळे उघडणारं आहे. ऐकू येणाऱ्या घरात जन्मलेली, घरात कुणालाच खुणांची भाषा येत नाही अशी कर्णबधिर मुलं बुद्धीनं चांगली असूनही या प्रश्नात कितीतरी वर्षं मागे राहतात. ज्यांचे आईवडील स्वतः कर्णबधिर आहेत आणि घरात पहिल्या दिवसापासून खुणांची भाषा आहे, ती मुलं मागे पडत नाहीत, हेही पुढच्या अभ्यासांत दिसलं. ‘आजीला वाटलं’, ‘बाबांना माहीतच नव्हतं’, ‘ताई विसरली म्हणून चिडली’ अशी वाक्यं ज्याच्या कानावर (किंवा डोळ्यांवर) पडतात, त्याला दुसऱ्याचं मन लवकर कळतं. आपल्याकडच्या भरल्या घरांतल्या चकाट्यांचा हा एक चांगला उपयोग.

आता पालकांना यातून काय दिसेल? तीन वर्षांचं मूल लपंडावात दर वेळी त्याच पडद्यामागे लपतं, आणि ‘कुठे आहे रे?’ म्हटलं की ‘इथे!’ म्हणून ओरडतं. वर्षभरात ते श्वास रोखून गप्प बसायला शिकतं. आणि त्याच सुमारास पहिलं खरंखुरं खोटं बोलतं. तोंडाला गूळ लागलेला असताना ‘मी नाही खाल्ला’ म्हणतं. आपल्यातले बरेच जण इथे घाबरतात आणि संस्कारांची उजळणी सुरू करतात. व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली यांच्या अभ्यासांत दिसलं ते असं की ज्यांना दुसऱ्याचं चुकीचं मत उमगतं, तीच मुलं खोटं बोलायला अधिक पुढे असतात. ते टिकवता मात्र येत नाही. ‘मागे वळून खेळणं पाहिलं नाही’ म्हणणारं चार वर्षांचं मूल, ‘मग ते काय असेल बरं?’ असं विचारताच खेळण्याचं बरोबर नाव सांगून मोकळं होतं. आधीचं खोटं सांभाळून पुढचं उत्तर रचणं बहुतेकांना सहा-सात वर्षांच्या आसपास जमू लागतं. खोटं बोलू नये हे शिकवावंच, पण चार वर्षांच्या मुलाच्या पहिल्या खोट्यानं हादरून जाऊ नये.

सरबत कुणाला जास्त

याच वयातली दुसरी चूक पियाजेच्या नावानं सर्वांत जास्त ओळखली जाते. दोन सारख्या पेल्यांत सारखं कोकम सरबत ओता. मूल कबूल करेल की दोन्हींत सारखंच आहे. मग त्याच्यासमोर एका पेल्यातलं सरबत उंच, अरुंद ग्लासात ओता आणि विचारा, ‘आता सारखं आहे की कुणात जास्त?’ चार-पाच वर्षांचं मूल ग्लासाकडे बोट दाखवतं. उंची दिसते, अरुंदपणा दिसत नाही. आणि उलट ओतलं तर होतं तसं होईल, हे मनातल्या मनात उलटं फिरवून पाहता येत नाही. सात-आठ वर्षांचं मूल ‘ओतलंय फक्त, सांडलं कुठे?’ असं त्रासून सांगतं.

इथवर गाइडमध्ये असतं. पुढचं नसतं. एडिनबर्गमधल्या मार्गारेट डोनाल्डसन यांना शंका आली की यात मूल चुकतंय की प्रश्न. मोठं माणूस मुद्दाम, सावकाश काहीतरी बदलतं आणि आधी विचारलेला प्रश्न पुन्हा विचारतं. मुलाला वाटतं, आता उत्तर बदललं पाहिजे, नाहीतर परत कशाला विचारतील? १९७४ मध्ये त्यांनी आणि जेम्स मॅगॅरिगल यांनी हाच प्रयोग सोंगट्यांच्या दोन ओळी मांडून केला. वय चार ते सहा, मुलं ऐंशी. संशोधकानं स्वतः एक ओळ पसरवली, तेव्हा ऐंशींपैकी फक्त तेरा मुलं म्हणाली की संख्या तेवढीच आहे. मग एक खट्याळ टेडी अस्वल खोक्यातून उडी मारून आलं आणि त्यानं तीच ओळ ‘चुकून’ विस्कटली. आता पन्नास मुलं म्हणाली, सारख्याच आहेत. सोंगट्या त्याच, मुलं त्याच वयाची, फक्त करणारा बदलला.

या विषयातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटलेलं निरीक्षण हेच आहे, आणि ते प्रयोगशाळेपुरतं नाही. पॅट्रिशिया ग्रीनफील्ड यांना सेनेगलमधल्या वोलोफ मुलांत असाच अनुभव आला: पाणी ओतणारी बाई संशोधक असली तर मुलांना वाटे, तिनंच काही केलं म्हणून वाढलं, मुलांनी स्वतः ओतलं की अनेकांची उत्तरं सुधारली. मेक्सिकोत कुंभारांच्या मुलांना मातीच्या गोळ्याचा आकार बदलला तरी माती तेवढीच राहते हे इतर मुलांपेक्षा आधी कळलेलं आढळलं, कारण त्यांचे हात रोज त्या मातीत असत. घरी मूल दोन भावंडांच्या ग्लासांवरून भांडत असेल तर समजावून सांगण्यात फारसा अर्थ नाही. भांडं त्याच्या हाती द्या आणि त्यालाच ओतू द्या. आणि पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी कुणी मुलाला एकच प्रश्न दोनदा विचारून ‘कच्चं आहे’ म्हणत असेल, तर त्या निकालाला फार किंमत देऊ नका.

पहिलीचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षं हा एकच ‘पायाभूत’ टप्पा मानला आणि पहिलीसाठी सहा पूर्ण ही अट धरली. पियाजेच्या दृष्टीनं ही रेघ शहाणपणाची आहे. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि मग कोसबाडला आदिवासी मुलांच्या अंगणवाड्या चालवताना बिया, शिंपले, पानं, माती हेच साहित्य वापरलं होतं. पैसे कमी होते हे एक कारण होतंच, पण या वयात मूल हातानं विचार करतं हेही त्यांना पुरतं ठाऊक होतं.

हिशेब बाजारातला आणि वहीतला

सात ते अकरा या वर्षांत घरात थोडी शांतता येते. मूल वस्तूंचे गट करतं, क्रिकेटपटूंची कार्डं धावांप्रमाणे लावतं, नियमांवरून वकिली करतं. सरबताची चूक गेली म्हणून सगळं एकदम कळतं असं मात्र होत नाही. मातीचा गोळा चपटा केला तरी माती तेवढीच, हे सात-आठला कळतं. वजनही तेवढंच, हे नऊ-दहाच्या आसपास. आणि पाण्यात बुडवला तर पाणीही तेवढंच वर चढेल, हे बहुधा अकरा-बारानंतर. तत्त्व एकच, तरी तीन वेळा वेगवेगळं कमवावं लागतं. ‘तुला कालच तर समजलं होतं!’ असं आपण ज्यावर चिडतो, ते बऱ्याचदा हे असतं.

या वयाची खरी मर्यादा म्हणजे विचार समोरच्या गोष्टीला बांधलेला असतो. टेरेझिन्या नुनेस आणि सहकाऱ्यांनी ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ आणि फळं विकणाऱ्या मुलांकडे गिऱ्हाईक म्हणून जाऊन हिशेब विचारले. ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. तेच आकडे कागदावर नुसत्या गणितांच्या रूपात दिले, तर ३७ टक्के. २०२५ मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर ड्युफ्लो आणि इतरांनी कोलकाता आणि दिल्लीतल्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवर असंच काम प्रसिद्ध केलं. त्यांनी उलट बाजूही तपासली. शाळेतली मुलं वहीतली गणितं बरी करत होती, पण बाजारातला सौदा त्यांना सुटेना. एकीकडचं शहाणपण दुसरीकडे आपोआप जात नाही. मूल दुकानातून सुटे पैसे नीट मोजून आणतं आणि परीक्षेत वजाबाकी चुकतं, तेव्हा त्याला आळशी म्हणण्याआधी हे आठवावं. दोन्हींतला पूल कुणीतरी बांधून द्यावा लागतो: ‘काल पन्नासच्या नोटेतून तू अठरा वळते केलेस ना, तेच इथे लिहिलंय.’

मराठी मुलांवर एक जादा ओझं आहे. एक ते शंभर हे आकडे आपल्या भाषेत जवळजवळ एकेक करून पाठ करावे लागतात. एकोणतीस ऐकून ते विशीतलं आहे हे कळायला मुलाला उलटा विचार करावा लागतो. २०१९ मध्ये डॉ. मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी जोड दिली, तेव्हा आपण त्यावर विनोदच जास्त केले. सहा-सात वर्षांच्या डोक्याला दशक कसं दिसतं, हा त्यामागचा प्रश्न अगदी खरा होता.

एक धोक्याची खूणही याच टप्प्यातली. सहा-सात वर्षांपर्यंत अक्षरं आणि अंक आरशातल्यासारखे उलटे काढणं सर्रास असतं, त्यावरून वाचन-अक्षमतेचा संशय घेऊ नये. पण आठ वर्षांच्या पुढे, तोंडी हुशार, गोष्टी उत्तम सांगणारं मूल वाचताना प्रत्येक शब्दावर अडखळत असेल, तर ‘लक्ष देत नाही’ म्हणून वेळ घालवू नये. तपासणी करून घ्यावी. प्रमाणपत्र असेल तर राज्य मंडळाच्या परीक्षांत सवलतीही मिळतात.

लंबक आणि मित्र

दाराच्या चौकटीला दोरीनं कुलूप टांगा आणि झोका द्या. प्रश्न असा: झोके पटापट यायला काय बदलायला हवं? दोरीची लांबी, कुलपाचं वजन, किती उंचावरून सोडलं ते, की किती जोरानं ढकललं ते? बेर्बेल इनहेल्डर आणि पियाजे यांनी १९५५ मधल्या पुस्तकात हा प्रयोग मांडला आहे. नऊ वर्षांचं मूल दोरी आखूड करतं आणि त्याच वेळी कुलूपही जड लावतं, झोका जलद होतो, आणि ते विजयी चेहऱ्यानं सांगतं, ‘जड कुलपामुळे!’ चौदाचं मूल, सगळी नाही पण अनेक, आधी थांबतं. वजन तेच ठेवून लांबी बदलतं, मग लांबी तीच ठेवून वजन बदलतं, आणि फरक फक्त लांबीनं पडतो हे शोधून काढतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची ही युक्ती म्हणजे ‘जर असं असेल तर’ या विचाराचा गाभा. पियाजेनंच पुढे १९७२ मध्ये मान्य केलं की हा टप्पा सगळ्यांना सगळ्या विषयांत गाठता येतो असं नाही. माणूस ज्या कामात मुरलेला असतो तिथे तो असा विचार करतो. आपल्या ओळखीतले कितीतरी मोठे लोक औषध, पथ्य आणि उपवास एकाच आठवड्यात सुरू करून गुण कशाचा आला ते छातीठोकपणे सांगतात.

‘जर-तर’ आल्यावर घरात वाद येतात. देव आहे कशावरून, तुम्ही हुंडा घेतला होता का, मीच का नऊला घरी यायचं? हा उद्धटपणाच असतो असं नाही. नवं हत्यार हाती आलंय आणि पहिला नमुना तुम्ही आहात. याच वयात आरशासमोर तास जातो, कारण सगळा वर्ग आपल्या मुरुमांकडेच बघतोय असं वाटतं. डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मध्ये याचा सुरेख उलगडा केला: दुसऱ्यांच्या मनाचा विचार आता भरपूर करता येतो, पण त्या मनांतही आपणच आहोत असं वाटत राहतं.

आणि मग पालकांना न सुटणारं कोडं. इतका मुद्देसूद भांडणारा मुलगा मित्राच्या मागे, हेल्मेटशिवाय, तिघेजण एका स्कूटरवर कसा बसतो? मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला. एकटी असताना १३ ते १६ वर्षांची मुलं मोठ्यांच्या फार पुढे गेली नाहीत. दोन मित्र शेजारी उभे केले, की किशोरवयीन मुलांनी घेतलेला धोका साधारण दुप्पट झाला. २४ च्या पुढच्यांना मित्रांनी फरकच पडला नाही. त्यानंतर भारतासह अकरा देशांत, १० ते ३० वयाच्या पाच हजारांहून अधिक जणांवर झालेल्या अभ्यासात दिसलं की शांतपणे विचार करण्याची क्षमता सोळाच्या सुमारास मोठ्यांइतकी होते, पण आवेग आवरण्याची परिपक्वता अठराच्या पुढे जाते. दहा महिन्यांच्या बाळाचा हात आवरणारा तोच मेंदूचा भाग अजून पिकतोच आहे. म्हणून सोळा वर्षांच्या मुलाला धोका समजावून सांगणारं भाषण फारसं कामाचं नाही. तो धोका त्याला ठाऊकच असतो. स्कूटरची चावी रात्री कुठे असते, आणि ‘मला न्यायला या’ असा फोन आला तर घरून ओरडा मिळतो की गाडी येते, यांनी जास्त फरक पडतो.

ज्या तारखा सैल नाहीत

मुलांना या पायऱ्या लवकर चढवता येतील का, हा प्रश्न पियाजेला इतक्यांदा विचारला गेला की तो त्याला ‘अमेरिकन प्रश्न’ म्हणू लागला होता. आता तो पुण्या-ठाण्याचाही प्रश्न आहे. अडीच वर्षांच्या मुलांसाठी मेंदूविकासाचे वर्ग आहेत, आणि फ्लॅशकार्डं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. वर सांगितलेल्या सगळ्या चुका मुलं आपापल्या वेळी, आपापल्या हातांनी ओलांडतात. सहा महिने पुढेमागे झालं तर काही बिघडत नाही.

काही तारखा मात्र सैल नाहीत. त्या बुद्धीच्या कोड्यांच्या नाहीत, बाळाच्या दुसऱ्या माणसाशी असलेल्या देवाणघेवाणीच्या आहेत. तीन महिन्यांनंतरही बाळ माणसाकडे बघून हसत नाही. वर्षाचं झालं तरी बडबड नाही, बोट दाखवणं नाही, टाटा नाही. सोळा महिन्यांना एकही शब्द नाही. दोन वर्षांना ‘आई ये’, ‘दूध दे’ असे दोन शब्द स्वतःहून जोडत नाही. आणि कोणत्याही वयात, येत असलेलं बोलणं किंवा मिसळणं नाहीसं झालं. यातलं काहीही दिसलं तर ‘याचे बाबाही उशिराच बोलले’ या वाक्यावर विसंबू नका. पहिली तपासणी कानांची करून घ्या. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या माता व बाल संरक्षण कार्डावर हे टप्पे चित्रांसह छापलेले असतात. लसीचा रकाना भरून कार्ड कपाटात टाकण्याआधी ते पान उघडा. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा येतात, आणि पुढच्या तपासणीसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. ही सेवा मोफत आहे. पथक येईपर्यंत थांबायचीही गरज नाही. अंगणवाडी सेविकेला किंवा बालरोगतज्ज्ञांना याच आठवड्यात विचारा.